हत्तीच्या शेपटीतला ठिपका

कच्छातून दोन-तीन पिढ्यांपूर्वी मुंबईत येऊन स्थिरावलेल्या एका भाटिया कुटुंबात बांधणीच्या तीन जुन्या कापडांचे एक गाठोडे होते. एक गाजी रेशमाची लांबच लांब पट्टी, आणि दोन लाल सुती ओढण्या. दोन्ही ओढण्यांवर हत्ती, फुले आणि काठालगत ठिपक्यांची दुहेरी ओळ. नक्षी इतकी सारखी, की घरात त्यांना जोडी म्हणत. एक विटकी, विरलेली, डोक्यावरून घ्यायच्या काठाशी जांभळट-तपकिरी डाग पडलेली. दुसरी मात्र काल रंगवल्यासारखी तांबडीलाल. घरातल्या आजींनी जुनी वस्त्रे अभ्यासणाऱ्या एका संशोधिकेच्या हाती ती सोपवताना सांगितले, “विटकी आहे ना बेन, ती माझ्या सासूबाईंच्या सासूची. छप्पनियाच्या आधीची. दुसरी नंतर कुणीतरी तिच्यासारखी करवून घेतली.”

छप्पनिया म्हणजे विक्रम संवत 1956चा, इसवी सन 1899-1900चा दुष्काळ. कच्छ-काठियावाडात आजही कौटुंबिक काळ त्याच्या अलीकडे-पलीकडे मोजतात. त्यामुळे प्रश्न नेमका होता: यातले काय खरोखर छप्पनियाच्या आधीचे? उत्तर मिळाले, पण ते घरातल्या समजुतीच्या नेमके उलट होते. तिथवर पोहोचण्याच्या वाटेत एक फसलेला बेत आहे आणि एक मोडलेला खिळा आहे.

पहिला विचार साहजिकच किरणोत्सारी कार्बनचा आला. या पद्धतीने पश्चिम भारताच्या कापडाचा इतिहास खरोखर हलवला होता. इजिप्तमध्ये जुन्या कैरोच्या फुस्तात भागात आणि आसपास सापडलेले निळे-तांबडे सुती तुकडे भारतातून गेलेले आहेत, हे आर. फिस्टर यांनी 1938 साली मांडले होते. त्यांची वये मात्र पुष्कळशी नक्षीवरून अंदाजलेली होती. पुढे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातल्या अशा हजाराहून अधिक तुकड्यांचा अभ्यास रूथ बार्न्स यांनी केला. निवडक तुकड्यांची कार्बन-तपासणी झाली, तेव्हा काही तुकडे अपेक्षेहून शतकांनी जुने ठरले. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर पिढ्यान् पिढ्या पूजेत जपलेली काही गुजराती कापडे तर चौदाव्या शतकापर्यंत मागे गेली.

पण जी पद्धत चौदाव्या शतकाला बोलते करते, ती एकोणिसाव्या शतकापुढे अडखळते. साधारण 1650 ते 1950 या काळात हवेतल्या कार्बनचे प्रमाण असे वरखाली होत राहिले, की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळे कालखंड जुळतात. संशोधिकेला 1860 आणि 1910 यांतला फरक हवा होता. यंत्राने उत्तर दिलेच असते तर ते “सतराव्या शतकाचा शेवट, किंवा एकोणिसाव्याचा आरंभ, किंवा विसाव्याचा आरंभ” असे काहीतरी आले असते. त्यासाठी जुन्या कापडाचा तुकडा कापायला तिचे मन धजेना. ती वाट तिथेच बंद झाली.

मग तिने कापडालाच विचारायचे ठरवले. आधी भिंगाखाली हे पाहिले, की ही खरोखर बांधणी आहे ना. हा संशय अनाठायी नव्हता. स्कॉटलंडमधल्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात लाल कापडावर ठिपके छापून हुबेहूब बांधणीसारखा माल भारताच्या बाजारात उतरवला होता. छापील ठिपका कापडावर सपाट निजतो, आणि प्रत्येक ठिपका दुसऱ्याचा जुळा भाऊ असतो. बांधलेला ठिपका तसा नसतो. बांधणारीण कापडाचा चिमूटभर शेंडा वाढवलेल्या नखाने वर उचलते आणि त्याभोवती दोऱ्याचे घट्ट फेरे देते. रंग दोऱ्याच्या आत शिरत नाही, पण फेऱ्यांच्या फटीतून थोडासा झिरपतो. म्हणून प्रत्येक ठिपक्याभोवती एक वेडेवाकडे कडे उमटते, मध्यावर शेंड्याला लागलेल्या रंगाचा बारीक कण राहतो, आणि तिथले सूत थोडे ताणलेले दिसते. तिन्ही कापडांवर अशी कडी होती. तिन्ही खरी होती.

रेशमाने फार काळ अडवले नाही. त्याचा गर्द गुलाबी रंग मद्यार्कात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यावर क्षणात उतरला. लाखेचा किंवा किरमिजाचा रंग असा सहज उतरत नाही. हा वागण्याचा प्रकार मॅजेंटाचा होता. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला 1856 साली क्विनीन बनवण्याच्या खटाटोपात चुकून जांभळा रंग सापडला, आणि तीनच वर्षांत फ्रान्समध्ये मॅजेंटा आला. रेशीम हे रंग कशाचीही मदत न घेता पिते, त्यामुळे जगभरच्या रेशमी रंगाऱ्यांनी ते लवकर उचलले. रेशमी पट्टी 1859च्या आधीची असूच शकत नव्हती. रंगाच्या साक्षीचे स्वरूप असे एकतर्फी असते: तो “याच्या आधी नाही” एवढे ठामपणे सांगतो, “याच्या नंतर नाही” हे मात्र सहसा सांगत नाही.

खरा पेच दोन सुती ओढण्यांचा होता. दोन्ही लाल. आणि सुती कापडावरच्या लाल रंगाइतका फसवा साक्षीदार शोधून सापडणार नाही.

सुताला लाल रंग सहजी चढत नाही. त्याला तुरटीची पुटे द्यावी लागतात, मग मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळांच्या काढ्यात तापवावे लागते. आल आपल्या विदर्भ-खानदेशातही पिकत असे. तीन-चार वर्षे वाढलेल्या झाडाची मुळे खणून त्यांची साल रंगाऱ्याकडे जाई. ही सारी शेती 1869 साली एका कढईने धोक्यात आणली. ग्रेबे आणि लिबरमन या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठ कुळातल्या मुळांतले ॲलिझरीन हे द्रव्य डांबरातून बनवता येते हे आदल्याच वर्षी सिद्ध केले होते, पण त्यांची रीत भलतीच महाग होती. स्वस्त रीत हाइन्रिश कारो यांना अपघाताने सापडल्याची कथा सांगतात. प्रयोग चालू असताना त्यांना कुणीतरी बाहेर बोलावले, मागे भांडे जास्त तापून करपले, आणि परतल्यावर त्यांना करपलेल्या खपलीच्या कडेला गुलाबी छटा दिसली. त्या रीतीचा पेटंट-अर्ज लंडनमध्ये 25 जून 1869 रोजी दाखल झाला. पर्किन यांचा स्वतंत्रपणे शोधलेल्या तशाच रीतीचा अर्ज आला दुसऱ्या दिवशी, 26 जूनला.

मुळातून काढलेले ॲलिझरीन आणि कारखान्यातले ॲलिझरीन डोळ्यांना तेच दिसते. तुरटीवर दोघेही तोच लाल देतात, तितकाच पक्का. त्यामुळे संशोधिकेने आरंभी दोन्ही ओढण्यांचे लाल शेजारी ठेवून छटांवरून जे ठोकताळे बांधले, ते एकामागून एक कोसळले. एका उजेडात विटकी जुनी वाटे, दुसऱ्या उजेडात चमकती. शिवणीच्या आतल्या, उजेड न लागलेल्या पट्टीत तर दोन्ही रंग जवळजवळ सारखे होते.

मग तिने रंग बाजूला ठेवून तराजू काढला.

जुन्या कापडाच्या वजनाला अर्थ येतो तो तुलनेने, आणि या तुलनेची सोय एका विलक्षण माणसाने करून ठेवली आहे. जॉन फोर्ब्स वॉटसन हा मुंबईच्या लष्करी वैद्यकीय सेवेत काम केलेला स्कॉटिश डॉक्टर. पुढे लंडनच्या इंडिया ऑफिसात भारतीय उत्पादनांचा अधिकारी झाल्यावर 1866 साली त्याने भारतीय कापडाचे 18 खंड काढले. त्यांत चित्रे नव्हती, कापडच होते: 700 नमुने, खऱ्या थानांतून कापून चिकटवलेले. हेतू उघड होता, मँचेस्टरच्या गिरण्यांना भारतीय गिऱ्हाइकाची आवड कळावी. असे 20 संच केले गेले, 13 ब्रिटनसाठी आणि 7 भारतासाठी. ज्या पुस्तकाने इथल्या विणकराच्या पोटावर पाय द्यायला मदत केली, तेच पुस्तक आज त्या विणकराच्या कापडाचे वय सांगायला उपयोगी पडते, कारण वॉटसनने पुष्कळ नमुन्यांखाली मूळ कापडाची लांबी, रुंदी, वजन आणि ते कुठून आले हे लिहून ठेवले. गिरणीच्या कापडाचा पूर येण्याआधी सुताचा पन्हा किती असे आणि अंगाने ते किती जड असे, याचा हा तारीखवार दाखला आहे.

चमकती ओढणी दोन पट्ट्या हाताने मधोमध शिवून केलेली होती. प्रत्येक पट्टीचा पन्हा 66 सेंटीमीटर. बसल्या जागी धोटा एका हातातून दुसऱ्या हातात फेकणाऱ्या विणकराला जेवढी पोच असते, तेवढाच. लांबी 2 मीटर 20, म्हणजे क्षेत्रफळ 2.9 चौरस मीटर. वजन भरले 290 ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम. विटकी ओढणी एकसंध होती: पन्हा 112 सेंटीमीटर, मध्ये शिवण नाही, आणि वजन चौरस मीटरला जेमतेम 70 ग्रॅम. हातमागावरही तलम कापड निघते, आणि वापराने, धुण्याने सूत झिजते, म्हणून नुसत्या हलकेपणावर तिने विसंबायचे टाळले. धागे पाहिले. चमकत्या ओढणीच्या बाण्यातले सूत कुठे जाड, कुठे केसासारखे, पीळही कमी-जास्त. ते चरख्यावरचे होते. विटकीचा ताणा आणि बाणा दोन्ही टोकापासून टोकापर्यंत एकसारखे, यंत्रावर कातलेले, आणि त्या रुंदीचे विणकामही गिरणीचे.

इथे पहिल्यांदा घरच्या समजुतीला तडा गेला. जिला नवी म्हणत होते तिचे कापड जुन्या वळणाचे, आणि जिला जुनी म्हणत होते तिचे गिरणीचे. पण मुंबईत गिरणीचे धुराडे 1856 सालीच पेटले होते, विलायती कापड त्याआधीही येतच होते, आणि हातमाग गिरणीनंतरही चालू राहिले. त्यामुळे हे दोन तुकडे एकाच वर्षी, एकाच बाजारात विकले गेले असणेही अशक्य नव्हते. वजनाने संशय दिला, निकाल दिला नाही.

निकालाकडे नेणारी पहिली गोष्ट होती तो जांभळट डाग.

विटक्या ओढणीच्या काठावरचा हा डाग सगळ्यांनी तेलाचा, काजळाचा, फार तर शाईचा धरला होता. संशोधिकेच्या ध्यानात आले की तो नेमका कपाळाच्या आणि मानेच्या जागी आहे, जिथे घाम मुरतो. शिवाय दुसरीकडे, जिथे कधीतरी काही आंबट सांडले असावे, तिथेही तसलाच काळपट निळा ओघळ होता. घामाने आणि आंबटाने रंग बदलतो असा लाल तिच्या वाचनात होता. तिने काठाच्या दुमडीतून सुटलेला धाग्याचा तुसभर तुकडा काचेवर ठेवला आणि त्यावर अतिसौम्य केलेल्या आम्लाचा थेंब सोडला.

लाल धागा तिच्या डोळ्यांदेखत निळा-काळा झाला. मग धुण्याच्या सोड्याचे पाणी सोडताच तो पुन्हा लाल झाला.

मंजिष्ठ असे करत नाही, आल करत नाही, ॲलिझरीनही करत नाही. तुरटीवर बसलेले हे लाल आम्लाने फार तर नारिंगी-पिवळ्याकडे झुकते. लालाचा निळा होतो तो कांगो रेडचा, किंवा त्याच्या अगदी जवळच्या भावंडांचा. त्याची जन्मकथा मजेशीर आहे. पाउल ब्योटिगर हा बायर कंपनीतला तरुण रसायनतज्ज्ञ. त्याला मिळालेला हा रंग मालकांना नकोसा वाटला. त्याने 1884 साली स्वतःच्या नावे पेटंट घेतले आणि ते बर्लिनच्या आग्फा कंपनीला विकले. पुढच्या वर्षी रंग बाजारात आला, आणि त्या वेळी बर्लिनमध्ये भरलेल्या आफ्रिका परिषदेमुळे सर्वांच्या तोंडी असलेले कांगोचे नाव त्याला चिकटले. त्याची करामत एवढीच, की तुरटी नको, पुटे नकोत. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात सूत टाकले की थेट लाल. उणीवही तीच: तो धुपतो, उन्हात विटतो, आंबटाने निळा होतो. पण पुटांचे कष्ट वाचवणाऱ्या रंगाऱ्याला आणि स्वस्तात लाल नेसणाऱ्या गिऱ्हाइकाला तो परवडला.

म्हणजे विटकी ओढणी 1885च्या आधीची नव्हतीच. ती जीर्ण झाली होती ती वयाने नव्हे, कच्च्या रंगाने आणि रोजच्या वापराने. चमकत्या ओढणीतल्या दोन मिलिमीटर धाग्याची रंगद्रव्ये प्रयोगशाळेने वेगळी केली, तेव्हा त्यात मोरिंडोन हे आलाचे खास द्रव्य मिळाले. आलाची शेती आयात ॲलिझरीनपुढे एकोणिसावे शतक संपता संपता बहुतेक ठिकाणी मोडली होती. पण एखादा रंगारी जुनी रीत धरून राहिला असेल, तर? ती शंका उरलीच. शिवाय एक प्रश्न अधिक टोचत होता: चमकती खरोखर जुनी असेल, तर ती इतकी कोरी कशी?

उत्तर ओढणीच्या एका कोपऱ्यातच बसले होते, आणि आजवर कुणी त्याकडे नीट पाहिले नव्हते. तळहाताएवढ्या भागात कापड चुरगळून घट्ट गोळा झालेले होते. घरच्यांना ते धुण्यात आटलेले वाटे. भिंगाखाली त्यात शेकडो गाठी दिसल्या, दोऱ्याचे फेरे अजून जागच्या जागी. बांधणी विकताना व्यापारी पुष्कळदा ती पुरती उकलत नाहीत. नक्षी दिसावी एवढा भाग दोन्हीकडून खेचून मोकळा करतात, दोरा तटातट सुटून येतो; बाकीच्या गाठी खरेपणाचा पुरावा म्हणून तशाच ठेवतात. नेसायच्या आधी त्या घरी उकलायच्या असतात. ही ओढणी कधी उकललीच गेली नव्हती. ना नेसली गेली, ना धुतली गेली. तिचा टवटवीतपणा न वापरल्याचा होता.

आता उरली जोडीची गोष्ट. दोन्हींवरचे हत्ती सारखे, हे खरे. पण कोण आधीचे? संशोधिकेने दोन्हींवरचा एकेक हत्ती ठिपक्या-ठिपक्याने पारदर्शक कागदावर उतरवला आणि एकावर एक ठेवला. किंचित आटणे सोडले, तर ते तंतोतंत जुळले. नुसती सारखी नक्षी नव्हे, एकच ठसा. बांधण्याआधी खत्री रंगारी लाकडी ठशाने, त्यात ठोकलेल्या खिळ्यांनी, कापडावर गेरूचे ठिपके उमटवतो, आणि बांधणारीण त्या खुणांवर गाठी मारते. एकाच घरचा ठसा दोन ओढण्यांवर पडला होता. फरक एकच होता: चमकत्या ओढणीवर हत्तीच्या शेपटीत नऊ ठिपके, विटकीवर आठ. शेंड्याआधीचा एक गाळलेला.

बांधणारीण एक गाठ विसरली असेल, हा पहिला तर्क. तो तपासायची युक्ती कापडाच्या घडीतच आहे. बांधताना कापड दुमडून चौपदरी करतात आणि चारही पदर एकत्र उचलून बांधतात. त्यामुळे विसरलेली गाठ उलगडल्यावर चार ठिकाणी गायब होते, आरशातल्या प्रतिबिंबासारखी, आणि फक्त त्या चारच ठिकाणी. संशोधिका हत्ती मोजत गेली. विटकीवर एकही हत्ती असा नव्हता की ज्याच्या शेपटीत तो ठिपका आहे. प्रत्येकाच्या शेपटीत नेमकी तीच जागा रिकामी. ही हाताची चूक नव्हती. ठशाचा खिळा मोडलेला होता.

चमकत्या ओढणीवर तो खिळा शाबूत होता.

एक शंका तरीही राहते, आणि तिने ती सोडली नाही: ठशात आधी खिळा नसेल आणि नंतर कुणी बसवला असेल तर? नंतर ठोकलेला खिळा ओळीतून थोडा तरी हलतो, जाडीने वेगळा असतो. चमकत्या ओढणीवरचा तो ठिपका शेजाऱ्यांच्या ओळीत, सारख्याच अंतरावर, प्रत्येक हत्तीवर बसला होता. तो मूळचाच होता. म्हणून क्रम ठरला: आधी चमकती, मग मोडलेला खिळा, मग विटकी. रंग काय म्हणतो आणि वजन काय म्हणते यावर हा क्रम अवलंबून नव्हता, आणि तरीही त्या दोघांनी सुचवलेला क्रम हाच होता. तीन साक्षीदार एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगत होते.

ठिपक्यांच्या बारीकपणावरून वय काढायचा मोह मात्र तिने कटाक्षाने टाळला, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. बारीक ठिपका जुना आणि ठळक ठिपका नवा, असे बाजारात सर्रास सांगतात. ठिपक्याचा आकार बांधणारणीच्या हाताचा आणि गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशाचा असतो. एकाच गल्लीत एकाच दिवशी दोन्ही तऱ्हेचे काम चाले.

शेवटी तिने नोंदवलेल्या तारखा अशा. विटकी: 1885नंतरची. पुढची सीमा सैल. नंतर आलेल्या पक्क्या नॅफ्थॉल रंगांनी कांगो रेडला मागे सारले, तोवर, म्हणजे साधारण 1930पर्यंतची. चमकती: विटकीच्या आधीची हे ठाम, आलाचा रंग, चरख्याचा बाणा आणि हातमागाचा पन्हा एकत्र धरले तर 1890च्या आधीची असण्याचा संभव मोठा. ठसा लाकडाचा, आणि वापरातला ठसा काही शतकभर टिकत नाही, म्हणून दोन ओढण्यांत फार तर दोन-तीन दशकांचे अंतर. रेशमी पट्टी: 1859नंतरची, याहून अधिक नाही.

तिने हे आजींना सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे सासूबाईंच्या सासूंनी खरी ओढणी नेसलीच नाही. जपली. आणि नेसायला तिच्यासारखी दुसरी करवून घेतली, त्याच खत्र्याकडून.” हे कुठल्याही परीक्षेत उतरणारे विधान नाही, पण न उकललेल्या गाठी, एकच ठसा आणि घामाचा डाग यांना इतके नेमके बसणारे दुसरे स्पष्टीकरण संशोधिकेलाही सुचले नाही. नोंदवहीत तिने ते कुटुंबाचे मत म्हणून, वेगळ्या रकान्यात लिहिले. त्या कोपऱ्यातल्या गाठी उकलून बाकीची नक्षी पाहायची का, असे आजींच्या नातवाने विचारले. तिने नको म्हटले. दोऱ्याचे ते फेरे हाच त्या ओढणीचा सर्वांत भक्कम पुरावा होता, आणि गाठींच्या आत उजेड न लागलेला आलाचा मूळ लाल अजून तपासायचा राहिला होता.